नोकरी सोडून गेलेल्यांचा प्रवेश वेळेत बंद झाला का? ॲक्सेस तपासणीत नमुना, पुरावा आणि फाइंडिंग यांचा मार्गदर्शक

माहिती प्रणाली ऑडिटच्या अभ्यासक्रमात ॲक्सेसची तपासणी शिकवताना नवा माणूस आला, माणसाची बदली झाली, माणूस सोडून गेला, ॲडमिनचे अधिकार कोणाकडे आहेत, व्यवस्थापक ठरावीक काळाने यादी पाहतो का, असे अनेक भाग येतात. इथे त्यातला एकच भाग घेतला आहे: नोकरी सोडून गेलेल्या माणसाचं खातं वेळेत बंद होतं का. नवख्या ऑडिटरने हाताळायला हा भाग सर्वांत चांगला, कारण नियम सोपा असतो आणि उत्तर तारखांमध्ये मिळतं. तरीही नमुना चुकीच्या यादीतून निघाला तर सगळं काम वाया जातं, हेही इथेच सर्वांत स्पष्ट दिसतं.

सरावासाठी एक काल्पनिक संस्था धरू. तिची हिशेबाची स्वतंत्र प्रणाली आहे आणि तिथे लॉगिनसाठी वेगळा पासवर्ड लागतो. ऑडिटचा काळ १ जानेवारी ते ३१ डिसेंबर २०२४. संस्थेचं ॲक्सेस धोरण सांगतं की शेवटच्या कामाच्या दिवसानंतर एका कामकाजाच्या दिवसात खातं निष्क्रिय झालं पाहिजे.

आधी प्रश्न वेगळे करा

या एका नियमामागे दोन प्रश्न आहेत. सोडून गेलेल्यांपैकी कोणाचं खातं आज चालू आहे का, हा पहिला. ज्यांची खाती बंद झाली, ती मुदतीत बंद झाली का, हा दुसरा.

पहिल्यासाठी नमुना काढायची गरजच नाही. सोडून गेलेल्यांची पूर्ण यादी आणि चालू युजरची पूर्ण यादी शेजारी ठेवून जुळवता येते, आणि ते काही तासांचं काम आहे. दुसऱ्यासाठी प्रत्येक माणसामागे तीन-चार कागद शोधावे लागतात, म्हणून तिथे नमुना घ्यायचा. बरेच विद्यार्थी पहिल्या प्रश्नालाही पंचवीस जणांचा नमुना लावतात आणि उरलेल्यांमध्ये चालू राहिलेलं खातं त्यांच्या हातून निसटतं.

नमुना कोणत्या यादीतून काढायचा

आयटी विभागाकडे गेलात तर ते बहुधा "खातं बंद करा" या विनंत्यांची, म्हणजे तिकिटांची यादी देतील. ती यादी स्वच्छ असते आणि प्रत्येक ओळीमागे कागद असतो, त्यामुळे मोह होतो. पण त्या यादीत फक्त तीच माणसं आहेत, ज्यांच्याबद्दल कोणीतरी आयटीला कळवलं होतं. ज्याच्याबद्दल कोणी कळवलंच नाही, तो तिच्यात कधीच सापडणार नाही, आणि आपण नेमका त्यालाच शोधत आहोत. तिकिटांच्या यादीतून काढलेल्या नमुन्यात शंभर टक्के यश दिसू शकतं, पण त्यातून एवढंच सिद्ध होतं की आलेल्या विनंत्यांवर आयटी काम करतं.

म्हणून सुरुवात एचआरपासून. वर्षभरात सेवा संपलेल्या सर्वांची यादी मागा. मागताना स्तंभ नेमके लिहा: कर्मचारी क्रमांक, नाव, विभाग, शेवटचा कामाचा दिवस, सेवासमाप्तीचा प्रकार आणि ही नोंद प्रणालीत कोणत्या तारखेला झाली. शेवटचा स्तंभ फार थोडे लोक मागतात, पण पुढे कारण शोधताना तोच सर्वांत जास्त उपयोगी पडतो. पगार, पत्ता, आजारपण असे स्तंभ मागू नका. ते तुमच्या फायलीत असण्याचं काही कारण नाही.

आमच्या उदाहरणात २१४ ओळी आल्या. त्यातल्या ३ दुहेरी होत्या आणि ५ जण संस्थेतच दुसऱ्या शाखेत गेले होते. उरले २०६. इथे थांबून यादी पूर्ण आहे का हे तपासायचं, कारण यादी एचआरने तयार केली आहे आणि तिच्यावर आपण सगळी इमारत उभी करणार आहोत. त्यासाठी साधा ताळा असतो: वर्षाच्या सुरुवातीची कर्मचारीसंख्या, अधिक नवे आलेले, वजा सोडून गेलेले, बरोबर वर्षअखेरची संख्या.

सुरुवातीला १,४८० होते, २६२ आले, २०६ गेले, म्हणजे १,५३६ हवेत. डिसेंबरच्या पगारपत्रकावर १,५२९ आहेत. सातचा फरक. विचारपूस केल्यावर कळलं की एचआरच्या अहवालात "राजीनामा" आणि "निवृत्ती" हेच प्रकार निवडलेले होते आणि ज्यांना कामावरून काढून टाकलं ते ७ जण त्यात आलेच नव्हते. रागावून गेलेल्या माणसाचं खातं उघडं राहण्याची जोखीम सर्वांत मोठी, आणि नेमके तेच यादीबाहेर होते. दुरुस्त आकडा २१३. ताळा जुळला.

एक मर्यादा इथेच नोंदवा. एचआरच्या यादीत बाहेरच्या पुरवठादाराची माणसं, प्रशिक्षणार्थी आणि सल्लागार सहसा नसतात. त्यांच्यासाठी कंत्राटं सांभाळणाऱ्या विभागाची किंवा प्रवेशपत्रांची यादी वेगळी घ्या आणि चाचणीही वेगळी करा. ते जमणार नसेल, तर वर्किंग पेपरमध्ये, म्हणजे ऑडिटच्या कामाच्या नोंदींमध्ये, "ही चाचणी कायम कर्मचाऱ्यांपुरती आहे" असं स्पष्ट लिहा.

युजरची यादी मिळवताना

आता दुसरी बाजू. हिशेबाच्या प्रणालीतून सर्व युजरची यादी घ्यायची, चालू आणि निष्क्रिय दोन्ही. फक्त चालू युजर घेतले तर वर्षभरात कोणाचं खातं होतं हे कळत नाही. काही प्रणालींमध्ये खातं निष्क्रिय न करता काढूनच टाकतात. मग आजच्या यादीत ते दिसणार नाही, आणि वर्षाच्या सुरुवातीची जुनी यादी अधिक वर्षातली नवी खाती असा हिशेब करावा लागतो. आमच्या प्रणालीत खाती पुसली जात नाहीत, त्यामुळे एका यादीवर भागतं.

यादी ईमेलने मागवू नका. ॲडमिनच्या शेजारी बसा आणि तो ती काढताना पाहा. पडद्यावर तीन गोष्टी दिसल्या पाहिजेत: प्रणालीचं नाव आणि ती चाचणीची नसून प्रत्यक्ष वापरातली आहे हे, लावलेले फिल्टर किंवा चालवलेली क्वेरी, आणि एकूण ओळींची संख्या. तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या. मग हातात आलेल्या फाइलमधल्या ओळी मोजा आणि पडद्यावरच्या संख्येशी जुळवा. हा अर्ध्या मिनिटाचा ताळा न घेतल्यामुळे अर्धवट फाइलवर पुढची सगळी चाचणी झाली, असं घडू शकतं.

नेटवर्कचं खातंही पाहायचं असेल आणि तिथे ॲक्टिव्ह डिरेक्टरी असेल, तर ॲडमिनकडून ही आज्ञा चालवून घ्या:

```
Get-ADUser -Filter * -Properties EmployeeID,whenChanged,LastLogonDate |
  Select-Object SamAccountName,EmployeeID,Enabled,whenChanged,LastLogonDate |
  Export-Csv users.csv -NoTypeInformation
```

आज्ञेत `-SearchBase` घातलेलं दिसलं तर विचारा. त्याने शोध एका शाखेपुरता मर्यादित होतो आणि बाकीचे युजर गळतात.

या यादीतले दोन स्तंभ नवख्यांना हमखास फसवतात. `whenChanged` म्हणजे खातं बंद केल्याची तारीख नव्हे. खात्यात कोणताही बदल झाला, साधा फोन नंबर बदलला, तरी ती तारीख पुढे सरकते. बंद केल्याचा खरा क्षण डोमेन कंट्रोलरच्या सिक्युरिटी लॉगमध्ये `4725` या इव्हेंट क्रमांकाखाली मिळतो, अर्थात ती नोंद ठेवण्याची व्यवस्था चालू असेल आणि लॉग अजून पुसला गेला नसेल तर. दुसरा स्तंभ `LastLogonDate`. तो ज्या मूल्यावरून येतो ते मूळ सेटिंगमध्ये प्रत्येक लॉगिनला बदलत नाही आणि प्रत्यक्षापेक्षा दोन आठवड्यांपर्यंत मागे असू शकतं. त्यामुळे तिथली तारीख शेवटच्या कामाच्या दिवसानंतरची असेल तर नंतर लॉगिन झालं हे कळतं, पण ती आधीची असेल तर नंतर लॉगिन झालंच नाही असं म्हणता येत नाही.

मूळ फाइल जशी आली तशी बाजूला ठेवा आणि काम प्रतीवर करा. `Get-FileHash users.csv` चालवून आलेला हॅश, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून निघणारी खूण, वर्किंग पेपरमध्ये लिहिला की फाइल नंतर बदलली नाही हे कोणालाही पडताळता येतं.

पूर्ण यादी जुळवणे

जुळवणी कर्मचारी क्रमांकावरून करा. नावावरून केली तर स्पेलिंग, आडनावबदल आणि दोन सारखी नावं यांत गुंता होतो. क्रमांकावरून करतानाही एक खड्डा आहे: सीएसव्ही फाइल थेट एक्सेलमध्ये उघडली की `00417` चं `417` होतं आणि जुळणारी माणसं जुळत नाहीत. ही चूक ओरडून सांगत नाही. उलट "कोणीही चालू नाही" असं छान उत्तर मिळतं. म्हणून क्रमांकाचा स्तंभ मजकूर म्हणून आयात करा, आणि ज्याचं खातं असल्याचं आधीच माहीत आहे असा एक माणूस जुळतोय का ते पाहा. तारखांचंही तसंच. दिवस आणि महिन्याची अदलाबदल झाली तर ५ जुलैचा ७ मे होतो, म्हणून महिन्याच्या १२ तारखेपर्यंतच्या काही तारखा मूळ प्रणालीत पाहून घ्या.

आमच्या २१३ पैकी १४८ जणांचं हिशेबाच्या प्रणालीत खातं होतं. हे १४८ म्हणजे आपलं पॉप्युलेशन, ज्यातून पुढे नमुना निघेल. बाकी ६५ जणांना ही प्रणाली कधी दिलीच नव्हती. त्यांना धरलं असतं तर नमुन्यातल्या कित्येक जागा "लागू नाही" लिहून वाया गेल्या असत्या.

१४८ पैकी ३ खाती यादी काढली त्या दिवशी चालू होती. त्यातली एक व्यक्ती नंतर पुन्हा नोकरीत आली होती आणि तिला नव्या मंजुरीने खातं दिलं होतं. एचआरच्या नव्या नियुक्तीच्या नोंदीवरून ते पडताळलं आणि बाजूला ठेवलं. उरली दोन. एका खात्यात शेवटच्या कामाच्या दिवसानंतर लॉगिन नव्हतं. दुसऱ्यात होतं: माणूस २० सप्टेंबर २०२४ ला गेला आणि शेवटचं लॉगिन ११ नोव्हेंबरचं.

अशी दोन खाती दिसल्यावर अहवालाची वाट पाहू नका. आधी खात्यांची आजची स्थिती पुराव्यात घ्या, मग त्याच दिवशी जबाबदार अधिकाऱ्याला लेखी कळवा. क्रम महत्त्वाचा आहे. आधी कळवलं तर खातं लगेच बंद होईल, जे योग्यच आहे, पण ते चालू होतं हे दाखवायला तुमच्याकडे काही उरणार नाही.

दुसऱ्या खात्याचा पाठपुरावाही आत्ताच करायचा. २० सप्टेंबरनंतर त्या आयडीने काय केलं, याचा व्यवहार-लॉग मागवला. १४ व्हाउचर नोंदवलेले निघाले. विभागप्रमुख म्हणाले की सहकारी जुना पासवर्ड वापरून काम पुरं करत होता. हे तोंडी स्पष्टीकरण आहे. ते लेखी घ्या, लॉगमधलं संगणकाचं नाव त्या सहकाऱ्याच्या संगणकाशी जुळतं का पाहा आणि चौदाही व्हाउचर मूळ कागदांशी ताडून पाहा. आमच्या उदाहरणात ती सर्व रास्त निघाली. तरी मुद्दा संपत नाही, कारण ती नोंद कोणी केली हे प्रणाली आता खात्रीने सांगू शकत नाही.

नमुना किती आणि कसा

आता वेळेचा प्रश्न. किती जण तपासायचे हे दोन निर्णयांवर ठरतं: किती खात्री हवी आणि किती चुकांचं प्रमाण सहन करता येईल. एकही चूक सापडणार नाही असं गृहीत धरलं तर सूत्र सोपं आहे:

```
n = ln(1 - confidence) / ln(1 - tolerable_rate)
```

९० टक्के खात्री आणि १० टक्के सहनीय प्रमाण घेतलं तर २२ येतात. तीच खात्री ठेवून प्रमाण ५ टक्क्यांवर आणलं तर ४५, आणि ९५ टक्के खात्रीला ५ टक्के प्रमाण घेतलं तर ५९. अनेक ऑडिट संस्थांच्या पद्धतीत वारंवार चालणाऱ्या नियंत्रणासाठी २५ हा आकडा दिसतो, तो याच हिशेबाजवळचा आहे. २५ मध्ये शून्य चुका निघाल्या तर ९० टक्के खात्रीने म्हणता येतं की प्रत्यक्ष प्रमाण सुमारे ८.८ टक्क्यांच्या वर नाही. एक निघाली की ती वरची मर्यादा १४.७ टक्क्यांवर जाते. म्हणजे १० टक्के सहनीय ठरवले असतील, तर एकाच चुकीने निष्कर्ष पालटतो. "पंचविसात एकच चूक, म्हणजे चार टक्के, ठीक आहे" हा युक्तिवाद म्हणूनच चुकतो.

निवड यादृच्छिक हवी आणि दुसऱ्याने केली तर तीच माणसं निघाली पाहिजेत. एक्सेलचं `RAND()` प्रत्येक बदलानंतर नवे आकडे देतं, त्यामुळे मूल्यं गोठवली नाहीत तर उद्या तुम्हालाच तुमचा नमुना सापडणार नाही. यादी वर-खाली सरकवत डोळ्यांना दिसतील तशी नावं उचलणं तर नकोच, कारण नकळत परिचित विभाग आणि सोपी नावं निवडली जातात. पायथनमध्ये असं करता येतं:

```
import pandas as pd
df = pd.read_csv("leavers_148.csv", dtype=str).sort_values("emp_no")
df.sample(n=30, random_state=2024).to_csv("sample.csv", index=False)
```

`dtype=str` मुळे क्रमांकातली सुरुवातीची शून्यं टिकतात आणि `random_state` मुळे निवड पुन्हा तशीच निघते. पहिले २५ नमुना, शेवटचे ५ राखीव. राखीव माणूस फक्त एकाच कारणाने वापरायचा: निवडलेला माणूस मुळात पॉप्युलेशनमध्ये नसायला हवा होता असं पुराव्याने दिसलं तर. कागद सापडत नाही म्हणून माणूस बदलणं म्हणजे नापास होणाऱ्याला यादीतून काढणं.

ॲडमिनचे अधिकार असलेल्या पाच-सहा जणांना मुद्दाम तपासावंसं वाटलं तर जरूर तपासा. पण त्यांची नोंद वेगळी ठेवा. ते यादृच्छिक नाहीत, म्हणून त्यांच्यातल्या चुका २५ च्या प्रमाणात मिसळता येत नाहीत.

प्रत्येक माणसामागे काय पाहायचं

तक्त्यात प्रत्येक माणसाला एक ओळ द्या आणि चार तारखा नोंदवा: शेवटचा कामाचा दिवस, एचआर प्रणालीत नोंद झाल्याचा दिवस, तिकीट उघडल्याचा दिवस आणि खातं निष्क्रिय झाल्याचा दिवस. पास-नापास पहिल्या आणि चौथ्या तारखेवरून ठरतं. मधल्या दोन तारखा उशीर नेमका कुठे झाला ते सांगतात.

पहिली तारीख एचआरच्या यादीतून उचलून थांबू नका. राजीनामा स्वीकारल्याचं पत्र किंवा कार्यमुक्तीचा आदेश पाहा. चौथी तारीख प्रणालीच्या स्वतःच्या बदल-इतिहासातून घ्या. तिकिटावर "बंद" लिहिलेलं असणं म्हणजे तिकीट बंद झालं, एवढंच. खातं त्यानंतर दोन आठवड्यांनी बंद झालेलं असू शकतं.

आमच्या २५ मध्ये २२ वेळेत निघाले. बाकीचे तीन सविस्तर पाहू.

नमुना ७: शेवटचा दिवस शुक्रवार, १४ जून २०२४. मुदत सोमवार, १७ जून. एचआरची नोंद ५ जुलै, तिकीट ५ जुलै, खातं बंद ८ जुलै. उशीर २१ दिवसांचा.

नमुना १६: शेवटचा दिवस शुक्रवार, ३० ऑगस्ट. मुदत सोमवार, २ सप्टेंबर. एचआरची नोंद ९ सप्टेंबर, तिकीट त्याच दिवशी, खातं बंद १० सप्टेंबर. उशीर ८ दिवसांचा.

नमुना २१: शेवटचा दिवस ८ मार्च, तिकीट त्याच दिवशी बंद. पण प्रणालीचा बदल-इतिहास ९० दिवसांनंतर पुसला गेला होता. खातं आज निष्क्रिय आहे. ते केव्हा निष्क्रिय झालं, याचा पुरावा नाही. ७ आणि १६ च्या नोंदी टिकल्या, कारण त्या तिमाहींचा बॅकअप संस्थेकडे होता. मार्चचा नव्हता.

तिसऱ्याचं काय करायचं? आधी पर्यायी पुरावा शोधा: बॅकअप, प्रणालीने आपोआप पाठवलेला ईमेल, त्या काळातली मासिक युजर यादी. ३१ मार्चच्या यादीत खातं निष्क्रिय दिसलं असतं तरी ते ११ मार्चच्या मुदतीत झालं हे सिद्ध होत नाही. काहीच पुरेसं मिळालं नाही तर ते विचलन, म्हणजे नियम पाळल्याचं न दिसलेलं प्रकरण, म्हणून मोजायचं. पण लिहिताना "उशीर झाला" असं लिहू नका. "वेळेत झाल्याचा पुरावा उपलब्ध नाही" असं लिहा. दोन्ही विधानं वेगळी आहेत, आणि फाइंडिंगवर वाद झाला तर दुसरंच टिकतं.

पंचविसात तीन विचलनं म्हणजे ९० टक्के खात्रीने वरची मर्यादा सुमारे २५ टक्के. सहनीय होती १०. नियंत्रण परिणामकारक नाही, हा निष्कर्ष निघाला. इथे कोणीतरी सुचवतं की आणखी पंचवीस तपासू, प्रमाण खाली येईल. या टप्प्यावर नमुना वाढवून चुका पातळ करायच्या नसतात. त्याऐवजी कारण शोधायचं. ते कारण सगळ्या १४८ वर तपासता आलं तर आणखी चांगलं.

कारण कसं सापडलं

नमुना ७ आणि १६ च्या तारखा पुन्हा पाहा. एचआरची नोंद झाल्यावर आयटीने दोन्ही वेळा एका कामकाजाच्या दिवसात खातं बंद केलं. म्हणजे उशीर आयटीकडे झालेला नाही. एचआरकडे विचारल्यावर कळलं की प्रणालीत सेवासमाप्तीची नोंद अंतिम हिशेब पूर्ण झाल्यावर करतात, आणि आयटीला सूचना त्या नोंदीवरूनच जाते. हिशेब लांबला की सूचनाही लांबते.

हे आता पूर्ण यादीवर तपासता येतं, कारण सुरुवातीलाच नोंदीची तारीख मागून ठेवली होती. १४८ पैकी ज्यांच्या बाबतीत नोंद शेवटच्या दिवसानंतर एका कामकाजाच्या दिवसापेक्षा उशिरा झाली असे १९ जण निघाले. नोंद येईपर्यंत आयटीला काही कळतच नव्हतं, म्हणून या सर्वांची मुदत चुकलेली असणार. फक्त कोणाला आयटीने एखाद्या वेगळ्या निरोपावरून आधीच बंद केलं असेल का, ते तिकिटांवरून पाहून घ्या.

दुसरी बाजूही प्रामाणिकपणे तपासा. ७ आणि १६ या दोघांची नेटवर्कची खाती केव्हा बंद झाली? हिशेबाची प्रणाली केवळ अंतर्गत नेटवर्कवरून उघडते का? ओळखपत्र त्याच दिवशी परत घेतलं असेल आणि नेटवर्कचं खातंही बंद असेल, तर बाहेरून आत येण्याची शक्यता कमी होते. त्याने विचलन नाहीसं होत नाही, पण तीव्रता ठरवताना ते धरलं पाहिजे. मात्र २० सप्टेंबरच्या खात्याच्या बाबतीत हा बचाव चालत नाही. तिथे वापर आतूनच झाला होता.

फाइंडिंग लिहिणे

नवख्यांचा पहिला मसुदा बहुधा असा असतो: "सोडून गेलेल्या कर्मचाऱ्यांचे ॲक्सेस वेळेवर काढले जात नसल्याचे आढळले. यामुळे अनधिकृत प्रवेशाचा धोका आहे. आयटीने काळजी घ्यावी." यात किती जण, कोणत्या प्रणालीत, कोणत्या नियमाविरुद्ध, काहीच नाही. शिवाय दोष आयटीवर टाकला आहे आणि तारखा तर उलट सांगतात.

फाइंडिंगला पाच अंगं लागतात: निकष, वस्तुस्थिती, कारण, परिणाम, शिफारस. निकष म्हणून आधी संस्थेचं स्वतःचं धोरण घ्या, कलम आणि आवृत्तीसह. आयएसओ २७००१ च्या २०२२ च्या आवृत्तीतलं ५.१८ हे नियंत्रण किंवा कोबिटमधलं `DSS05.04` आधाराला देता येतं, पण संस्थेने जे स्वीकारलेलंच नाही त्यावर तिला नापास करता येत नाही. आमचं फाइंडिंग असं लिहिता येईल:

> शीर्षक: सेवासमाप्तीची सूचना उशिरा जात असल्याने हिशेब प्रणालीतील खाती मुदतीनंतरही चालू राहतात.
>
> निकष: ॲक्सेस धोरणानुसार शेवटच्या कामाच्या दिवसानंतर एका कामकाजाच्या दिवसात खाते निष्क्रिय केले पाहिजे.
>
> वस्तुस्थिती: २०२४ मध्ये सेवा संपलेल्या व प्रणालीत खाते असलेल्या सर्व १४८ कर्मचाऱ्यांची चालू युजरच्या यादीशी जुळवणी केली. २ खाती यादी काढली त्या दिवशी विनामंजुरी चालू होती. त्यांपैकी एका खात्यातून कर्मचारी गेल्यानंतर १४ व्हाउचर नोंदवले गेले. याखेरीज यादृच्छिक २५ जणांच्या नमुन्यात २ खाती ८ व २१ दिवस उशिरा निष्क्रिय झाली आणि एका खात्याबाबत ते वेळेत निष्क्रिय झाल्याचा पुरावा उपलब्ध नाही.
>
> कारण: एचआर प्रणालीतील नोंद अंतिम हिशेबानंतर होते व आयटीला सूचना त्या नोंदीवरून जाते. १४८ पैकी १९ नोंदी मुदतीनंतर झालेल्या आहेत. चालू राहिलेली खाती शोधणारी नियमित जुळवणी होत नाही. प्रणालीचा बदल-इतिहास ९० दिवसांनंतर पुसला जातो.
>
> परिणाम: संबंधित १४ व्हाउचर कोणी नोंदवले हे प्रणालीतून निश्चित करता येत नाही. मूळ कागदांशी ताडल्यावर ते व्यवहार रास्त आढळले. मात्र असा वापर प्रणालीने रोखला नाही व तो संस्थेच्या लक्षातही आला नाही.
>
> शिफारस: राजीनामा स्वीकारताच शेवटच्या दिवसाची तारीख एचआर प्रणालीत भरावी व आयटीला सूचना त्या तारखेवरून जावी. एचआर व चालू युजरच्या यादीची दरमहा जुळवणी करून तिची नोंद ठेवावी. बदल-इतिहास किमान संपूर्ण ऑडिट काळ व त्यानंतरची तपासणी पूर्ण होईपर्यंत जपावा.

यात पूर्ण यादीचे आकडे आणि नमुन्याचे आकडे वेगळे ठेवले आहेत, ते मुद्दाम. "एकूण ५ प्रकरणे" असं लिहिलं असतं तर वाचणाऱ्याने ते १४८ मध्ये ५ किंवा २५ मध्ये ५ असं वाचलं असतं, आणि दोन्ही चूक. कोणाचं नावही घातलेलं नाही. नमुना क्रमांक आणि आयडी वर्किंग पेपरमध्ये राहतात. "फसवणुकीची शक्यता" असे शब्द टाळले आहेत, कारण चौदा व्हाउचर तपासल्यावर तसं म्हणायला आधार राहिला नाही.

शिफारशीतली प्रत्येक ओळ कारणातल्या एकेका ओळीला उत्तर देते का, ते पाहा. देत नसेल तर एकतर कारण अपुरं आहे किंवा शिफारस सवयीने लिहिलेली आहे.

मसुदा व्यवस्थापनाला पाठवण्याआधी वस्तुस्थितीचा परिच्छेद एचआर आणि आयटी दोघांनाही दाखवून त्यातल्या तारखा आणि आकडे मान्य करून घ्या. मत मागू नका, फक्त तथ्यं. त्या वेळी कोणी नवा कागद आणला, समजा मार्चचा हरवलेला बॅकअप सापडला, तर नमुना २१ पुन्हा तपासा. तो वेळेत निघाला तर विचलनं दोन होतील आणि वरची मर्यादा सुमारे २० टक्क्यांवर येईल. निष्कर्ष तोच राहील, पण अहवालातला आकडा बदलायचा आणि आधीचा आकडा का बदलला ते वर्किंग पेपरमध्ये तारखेसह लिहायचं.